टॉकबॅक सुरू केल्यावर फोन ‘अडकतो’, मराठी वाचत नाही, अक्षरे वाढवली की बटणे नाहीशी होतात: अल्पदृष्टी असलेल्यांच्या अँड्रॉइड फोनची क्रमाने तपासणी

नजर कमी झालेल्या ज्येष्ठांचे फोन लावून देण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो. घरी, शेजारी आणि ओळखीतून आलेल्यांकडे मला जवळजवळ तेच बिघाड पुन्हा पुन्हा दिसले आहेत. कोणीतरी आपुलकीने ॲक्सेसिबिलिटीमधली तीन-चार बटणे एकाच दिवशी सुरू करून देते आणि दुसऱ्या दिवशी फोन हाताळता येईनासा होतो. हे लिखाण फक्त अँड्रॉइड फोनबद्दल आहे. सेटिंग्जमधली नावे कंपनीनुसार थोडी बदलतात, पण रचना सगळीकडे सारखीच असते.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अनेक तक्रारी असतील तर खालची तपासणी उपयोगी पडेल.

- बोट लावले की फोन काहीतरी बोलतो, भोवती रंगीत चौकट येते, पण काहीच उघडत नाही आणि पान वरखाली सरकत नाही.
- पडदा पूर्ण काळा असतो, तरी फोन बोलत राहतो.
- इंग्रजी मजकूर वाचला जातो, पण मराठी संदेश आला की फोन गप्प बसतो किंवा त्यातले आकडे तेवढे वाचतो.
- अक्षरे सर्वांत मोठी केल्यावर बँकेच्या किंवा गॅस नोंदणीच्या ॲपमधले शेवटचे बटण पडद्यावर सापडत नाही.
- वाचन आपोआप सुरू होते किंवा सुरू करून ठेवले तरी काही दिवसांनी आपोआप बंद पडते.
- तोंडी दिलेली आज्ञा फोन ऐकत नाही किंवा भलतेच काही उघडतो.

सर्वांत आधी: फोन खरोखर अडकला आहे का?

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि मी बघितलेल्या ‘बिघडलेल्या’ फोनांपैकी बहुतेकांचे उत्तर इथेच मिळाले. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारी सोय आहे. तो सुरू असताना स्पर्शाचा अर्थ मुद्दाम बदललेला असतो. ज्याला पडदा दिसत नाही त्याला बोट फिरवून कुठे काय आहे ते आधी ऐकता आले पाहिजे, आणि ऐकत असताना चुकून काही दाबले जाता कामा नये. म्हणून एका स्पर्शाने वस्तू फक्त निवडली जाते आणि तिचे नाव ऐकू येते. ती उघडायची असेल तर त्यानंतर पडद्यावर कुठेही पटापट दोनदा टॅप करावे लागते. पान सरकवायला एक बोट चालत नाही, दोन बोटे एकत्र ठेवून सरकवावी लागतात. कुलूप असलेला पडदाही दोन बोटांनीच वर सरकतो. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची वस्तू आणि डावीकडे दिला की मागची वस्तू वाचली जाते.

तेव्हा बोट पडद्यावर हळू फिरवून पाहावे. नावे ऐकू येत असतील किंवा फोन बारीक थरथरत असेल तर तो अडकलेला नाही. आता आवाज वाढवण्याची आणि कमी करण्याची दोन्ही बटणे एकत्र सुमारे तीन सेकंद दाबून धरावीत. शॉर्टकट लावलेला असेल तर टॉकबॅक बंद होतो आणि फोन नेहमीसारखा चालतो. तसे झाले नाही तर वरच्या रीतीने, म्हणजे निवडणे आणि दोनदा टॅप करणे, सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीतून तो बंद करावा. घरातल्या प्रत्येकाला ही एक गोष्ट शिकवावी, कारण ती माहीत नसल्यामुळे फोन दुकानात जातो आणि काही वेळा त्यातला सगळा मजकूर पुसला जातो.

मागच्या वर्षी सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन माझ्याकडे आला. त्यांना मी मावशी म्हणतो. त्यांना काचबिंदू आहे. पुतण्याने रविवारी येऊन टॉकबॅक सुरू केला, अक्षरे आणि डिस्प्ले दोन्ही शेवटच्या टोकाला नेले आणि तो परत गेला. सोमवारी त्यांना फोन उचलताही येईना. एका दुकानदाराने सॉफ्टवेअर गेले असे सांगून रीसेट करावा लागेल म्हटले. सुदैवाने मावशींनी नातवंडांच्या फोटोंसाठी नकार दिला. पुढची प्रत्येक पायरी त्याच फोनवर मी कशी केली, ते ओघात सांगतो.

आवाज आणि काळा पडदा

अँड्रॉइड ८ पासून वाचनाच्या आवाजाची पातळी गाण्यांच्या आणि रिंगच्या पातळीपेक्षा वेगळी ठेवता येते. त्यामुळे रिंग जोरात वाजते, पण टॉकबॅक कुजबुजतो किंवा ऐकूच येत नाही, अशी स्थिती येऊ शकते. टॉकबॅक बोलत असतानाच आवाजाचे वरचे बटण दाबावे, म्हणजे वाढलेली पातळी वाचनाचीच असते. तो गप्प असताना दाबले तर बहुधा दुसरीच पातळी वाढते. मावशींच्या फोनवर ही पातळी अगदी तळाला होती. पुतण्याने सुरुवातीला बडबड नको म्हणून ती कमी केली असावी.

पडदा काळा असून फोन बोलत असेल तर टॉकबॅकच्या मेनूतली पडदा लपवण्याची सोय सुरू झालेली असते. पूर्ण अंध व्यक्तीच्या फोनवर शेजाऱ्याला काही दिसू नये, म्हणून ती ठेवलेली आहे. अल्पदृष्टी असलेल्याला तिचा काही उपयोग नाही. एका बोटाने खाली आणि लगेच उजवीकडे असा काटकोनी झटका दिला की मेनू उघडतो. नव्या फोनांवर तीन बोटांनी एकदा टॅप केले तरी चालते. मेनूतल्या नोंदी ऐकत ऐकत पडदा दाखवण्याच्या नोंदीवर यावे आणि दोनदा टॅप करावे. एवढे करून पडदा काळाच राहिला आणि टॉकबॅक बंद केल्यावरही उजळला नाही, तर दोष पडद्याच्या काचेचा किंवा जोडणीचा असू शकतो. तो सेटिंग्जमधून जाणार नाही.

मराठी का वाचले जात नाही

टॉकबॅक स्वतः बोलत नाही. तो मजकूर उचलून टेक्स्ट-टू-स्पीच इंजिनाकडे देतो आणि आवाज ते इंजिन काढते. फोनमध्ये कधी गूगलचे, तर कधी फोन कंपनीचे इंजिन असते, आणि काही फोनांत दोन्ही असतात. निवडलेल्या इंजिनाकडे मराठीचा आवाज नसेल तर देवनागरी मजकूर त्याच्या दृष्टीने अनोळखी चिन्हे असतात आणि ते ती गाळते. म्हणून टॉकबॅक पुन्हा पुन्हा बंद-सुरू केल्याने हा दोष जात नाही. तो ज्या जागी आहे तिथेच हात घालावा लागतो.

आधी टॉकबॅक बंद करावा, म्हणजे मदत करणाऱ्याला काम सोपे जाते. मग सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ असे लिहून ते पान उघडावे. पसंतीचे इंजिन म्हणून गूगलचे निवडावे. त्याच्या शेजारच्या चाकाच्या चिन्हावर दाबून आवाजाचा डेटा इन्स्टॉल करण्याच्या यादीत जावे आणि मराठी (भारत) उतरवून घ्यावी. हे शक्यतो वाय-फायवर करावे. उतरवणे अर्धवट राहिले तर यादीत भाषा दिसते, पण आवाज निघत नाही, आणि हा फरक सहज लक्षात येत नाही. परत मागच्या पानावर येऊन भाषा म्हणून मराठी निवडावी आणि नमुना ऐकण्याचे बटण दाबावे. नमुना मराठीत ऐकू आला की मगच टॉकबॅक सुरू करावा. नमुनाच ऐकू येत नसेल तर टॉकबॅकमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

मावशींच्या फोनवर इंजिन फोन कंपनीचे होते आणि भाषा इंग्रजी. त्यामुळे बँकेचा इंग्रजी संदेश वाचला जात होता, पण मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मराठी ओळीतून फक्त ‘३०’ असा आकडा ऐकू येत होता. गूगलचे इंजिन आणि मराठी आवाज लावल्यावर तीच ओळ पूर्ण वाचली गेली. मराठी आवाज इंग्रजी शब्दही वाचतो. उच्चार आपल्याकडचे असतात, पण समजतात. म्हणून दोन भाषांमध्ये अदलाबदल करण्याच्या सोयी मी वयस्कर माणसाला लावून देत नाही. एकच आवाज कायम ठेवावा आणि त्याच पानावरून बोलण्याचा वेग थोडा कमी करावा. सुरुवातीला ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ लागतो, सराव झाला की तो आपणहून वेग वाढवायला सांगतो.

टॉकबॅकच्या मेनूतही बोलण्याच्या भाषेची वेगळी निवड असू शकते. तिथे कोणी इंग्रजी ठेवली असेल तर टेक्स्ट-टू-स्पीचच्या पानावर मराठी असूनही वाचन इंग्रजी आवाजातच राहते. नमुना मराठीत ऐकू येतो, पण टॉकबॅक मराठी वाचत नाही, असे झाले की ही जागा पाहावी.

अक्षरे किती मोठी करावीत

या तपासणीला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण इथे फोनपेक्षा डोळा समजून घ्यावा लागतो. सेटिंग्जमध्ये दोन वेगळे सरकपट्टे असतात. फॉन्टचा आकार वाढवला की फक्त अक्षरे मोठी होतात. डिस्प्लेचा आकार वाढवला की चिन्हे, बटणे, मोकळ्या जागा असे सगळेच मोठे होते, म्हणजे पडद्यावर मावणाऱ्या वस्तू कमी होतात. अँड्रॉइड १४ मध्ये फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत नेता येतो आणि आधीच मोठी असलेली शीर्षके त्याच प्रमाणात फुगू नयेत याची काळजी घेतलेली आहे. पण ॲप बनवणाऱ्याने पान सरकण्याची सोय ठेवली नसेल तर दोन्ही पट्टे टोकाला नेल्यावर खालचे ‘पुढे जा’ हे बटण पडद्याच्या बाहेर ढकलले जाते आणि कितीही सरकवले तरी हाती लागत नाही. म्हणून डिस्प्लेचा आकार मूळ जागी किंवा एक पायरी वर ठेवावा आणि वाढवायचा तो फॉन्ट वाढवावा. प्रत्येक बदलानंतर त्या व्यक्तीला रोज लागणारे ॲप, विशेषतः पैशांचे, शेवटच्या बटणापर्यंत उघडून पाहावे.

आता डोळ्याकडे येऊ. दृष्टिपटलाचा मधला भाग खराब झालेला असेल, जसे वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेत होते, तर समोरचे अक्षर पुसट होते, पण कडेची नजर राहते. अशा माणसाला मोठे अक्षर खरोखर उपयोगी पडते. उलट वाढलेल्या काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये कडेची नजर जाते आणि नळीतून पाहिल्यासारखे दिसते. तिथे मधली नजर बरी असेल तर फार मोठे अक्षर नळीत मावतच नाही, एका वेळी शब्दाचा तुकडा दिसतो आणि ओळ हरवते. मावशींचे हेच झाले होते. पुतण्याने जेवढे मोठे तेवढे चांगले असे धरले होते. मी फॉन्ट टोकापासून तीन पायऱ्या खाली आणला, डिस्प्ले मूळ आकारावर ठेवला, गडद थीम आणि ठळक मजकूर सुरू केला, आणि त्यांनी आपणहून संपूर्ण ओळ वाचून दाखवली. म्हणून सरकपट्टा आपण हलवू नये. फोन त्या व्यक्तीच्या हातात देऊन, ती नेहमी बसते त्या जागी, नेहमीचा चष्मा लावून, एकेक पायरी बदलत तिलाच विचारावे.

अधूनमधून एखादीच बारीक गोष्ट पाहायची असेल तर मॅग्निफिकेशन, म्हणजे पडदा तेवढ्यापुरता मोठा करून दाखवणारी सोय, पुरते. त्याचा तीनदा टॅप करण्याचा शॉर्टकट मात्र मी लावत नाही. तिसरा टॅप येतोय का हे पाहायला फोन प्रत्येक स्पर्शानंतर क्षणभर थांबतो आणि टायपिंग मंदावते. त्याऐवजी पडद्यावरच्या तरंगत्या बटणाचा शॉर्टकट द्यावा.

इथेच एक प्रश्न विचारावा: या व्यक्तीला टॉकबॅक हवाच आहे का? मोठे अक्षर दिसते, पण लांब मजकुराने डोळे थकतात, अशा माणसासाठी ‘सिलेक्ट टू स्पीक’ पुरेसे असते. ते सुरू केल्यावर स्पर्शाची पद्धत बदलत नाही. बटण दाबून ज्या परिच्छेदावर बोट ठेवावे तेवढाच वाचला जातो. मावशींसाठी मी टॉकबॅक बंद करून हेच ठेवले, आणि त्यांचा फोन ‘अडकणे’ त्या दिवसापासून थांबले.

आपोआप सुरू होणे, आपोआप बंद पडणे

आपोआप सुरू होण्याचे कारण बहुधा आवाजाच्या दोन बटणांचा शॉर्टकट हेच असते. पिशवीत किंवा घट्ट कव्हरमध्ये दोन्ही बटणे दाबली जातात. ज्याला टॉकबॅक लागत नाही त्याच्या फोनवरून हा शॉर्टकट काढून टाकावा. ज्याला लागतो त्याच्या फोनवर तो लॉक स्क्रीनवरूनही चालेल असा ठेवावा, म्हणजे पिन टाकताना अडचण आली तर मदत करणाऱ्याला तो बंद करता येतो. एकाच शॉर्टकटला दोन सोयी जोडलेल्या असतील तर बटणे दाबल्यावर कोणती हवी असे विचारणारी यादी उघडते, आणि कमी दिसणाऱ्याला ती यादी म्हणजे नवीन अडथळाच असतो. एका शॉर्टकटला एकच सोय जोडावी.

आपोआप बंद पडण्याचे कारण शोधायला थोडा वेळ लागतो. अँड्रॉइडमध्ये एखादे ॲप जबरदस्तीने थांबवले तर त्याची ॲक्सेसिबिलिटी सेवाही बंद होते आणि ती पुन्हा हाताने सुरू करेपर्यंत परत येत नाही. मेमरी साफ करणारी आणि बॅटरी वाचवणारी ॲपे नेमके हेच करू शकतात. अशी ॲपे काढून टाकावीत. मग टॉकबॅक ज्या ॲपमधून येतो, म्हणजे बहुतेक फोनांवर अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट, त्याच्या माहितीच्या पानावर बॅटरीचे बंधन काढावे. गूगलच्या टेक्स्ट-टू-स्पीच ॲपवरचेही तेच बंधन काढावे, कारण ते थांबले तर टॉकबॅक सुरू असूनही मुका होतो.

याच वेळी ॲक्सेसिबिलिटीच्या यादीवरून एकदा नजर फिरवावी. तिथे टॉकबॅक, सिलेक्ट टू स्पीक यांसारख्या ओळखीच्या नावांखेरीज एखादे अनोळखी ॲप सुरू दिसले तर ते गंभीर आहे. ही परवानगी मिळालेले ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या वतीने बटणे दाबू शकते. फसवणुकीची ॲपे हीच परवानगी मागतात.

तोंडी आज्ञा: सर्वांत शेवटी

वाचन आणि आकार नीट बसल्याशिवाय तोंडी आज्ञा लावू नयेत, कारण आज्ञा पाळली गेली की नाही हे समजायला वाचन लागते. ‘व्हॉइस ॲक्सेस’ हे ॲप पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला क्रमांक देते आणि तो बोलला की ते बटण दाबले जाते. ज्यांना हात वापरणे अवघड आहे त्यांच्यासाठी ते बनवलेले आहे. अल्पदृष्टी असलेल्याला ते बारीक क्रमांक वाचणेच जड जाते, त्यामुळे ही सोय मी क्वचितच सुचवतो, हात आणि नजर दोन्ही अडचणीत असतील तरच ती लावतो. भाषेच्या यादीत मराठी दिसली नाही तर ‘स्क्रोल डाउन’, ‘गो बॅक’, ‘शो नंबर्स’ अशा आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात आणि मराठीत दिलेली आज्ञा पाळली गेली नाही तर तो दोष फोनचा नसतो.

बहुतेकांना खरी गरज दोन गोष्टींची असते, एक म्हणजे फोन लावणे आणि दुसरी म्हणजे संदेश लिहिणे. फोन लावण्यासाठी पाच-सहा जवळच्या माणसांची मोठी चिन्हे पहिल्या पानावर ठेवली की काम भागते. संदेशासाठी गूगलच्या कीबोर्डला मराठी जोडावी, मायक्रोफोनचे चिन्ह कुठे आहे ते बोटाला शिकवावे आणि बोलून लिहावे. इथे ‘ऐकत नाही’ ही तक्रार आली तर आधी मायक्रोफोनची परवानगी, मग इंटरनेट, मग कीबोर्डची भाषा अशा क्रमाने पाहावे. टॉकबॅकही सुरू असेल तर त्याचा स्वतःचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि भलतेच शब्द उमटतात. इअरफोन लावल्यावर हा गोंधळ थांबतो की नाही, एवढे पाहिले की कारण लगेच कळते.

कुठे थांबावे

टॉकबॅक बंद असतानाही पडद्याच्या एखाद्या पट्ट्यात स्पर्श लागत नसेल किंवा पडदा काळाच राहत असेल तर थांबावे आणि फोन अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नये. फॅक्टरी रीसेट हा टॉकबॅकच्या कोणत्याही तक्रारीवरचा उपाय नाही आणि तो सुचवला गेला तर फोटो व संपर्क सुरक्षित झाल्याशिवाय हो म्हणू नये. अनोळखी ॲपला ॲक्सेसिबिलिटी परवानगी सापडली आणि त्या फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील तर इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्यावी.

टॉकबॅकच्या हातखुणा घरच्यांकडून शिकणे जमत नसेल तर दृष्टिबाधितांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे जावे. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था हे काम करतात, आणि स्वतः स्क्रीन रीडर वापरणारा शिक्षक जे तासाभरात शिकवतो ते आपल्याला आठवड्यात जमत नाही.

आणि काल वाचता येणारे अक्षर आज अचानक दिसेनासे झाले असेल, डोळ्यासमोर प्रकाशाचे झटके, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा पडदा ओढल्यासारखी सावली येत असेल, किंवा डोळा दुखून लाल झाला असेल तर सरकपट्टा वाढवू नये. फोन बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.